हवेची नळी, आरगॉन वायू

वेल्डिंगच्या टेबलाजवळ उभी काचेची नळी, आत तरंगणारा फ्लोट. फ्लोट १० वर, म्हणजे मिनिटाला १० लिटर आरगॉन, असं आपण धरून चालतो. पण नळीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: हवा, २० अंश, वातावरणाचा दाब. त्या आकड्यांचा अर्थ तेवढ्याच परिस्थितीत खरा.

फ्लोटला वायूचा वेग आणि घनता मिळून वर ढकलतात. वायू जड असेल, तर कमी प्रवाहातही फ्लोट तेवढाच चढतो. फरक घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पडतो. हवेचं रेणुभार २९, आरगॉनचं ४०. २९ भागिले ४० चं वर्गमूळ ०.८५. म्हणजे १० दिसले, तरी खरे साडेआठच.

आता नळीत दाब गेजवर ३ बार आणि तापमान ४० अंश असेल, तर? इथे हमखास चूक होते. गेज वातावरणाचा १ बार मोजत नाही, म्हणून ४ धरायचा. तापमानही केल्विनमध्ये: २९३ भागिले ३१३. ०.७२५ गुणिले ४ गुणिले ०.९३६, त्याचं वर्गमूळ १.६५. वातावरणाच्या दाबाला आणि २० अंशांना मोजलं, तर प्रवाह साडेसोळा लिटर. गेजचे ३ च घातले असते, तर सव्वाचौदा आले असते.

दाब नळीतलाच हवा. व्हॉल्व्ह नळीच्या आधी असेल, तर रेग्युलेटरचा आकडा उपयोगाचा नाही. अगदी बारीक प्रवाहाच्या नळीत वायूची चिकटपणाही आड येते, तिथे त्याच वायूवर कॅलिब्रेशन करून घ्यावं.