लाभांश कमी झाल्याचे पत्र कसे वाचावे

वार्षिक अहवाल हातात पडला की बहुतेक भागधारक आधी एकच आकडा शोधतात: यंदा शेअरमागे किती? तो गेल्या वर्षीपेक्षा कमी दिसला की अध्यक्षांच्या पत्रातला पुढचा मजकूर रागातच वाचला जातो. म्हणून पत्राकडे वळण्याआधी लाभांश खरोखर किती कमी झाला ते पाहावे. टाटा स्टीलने २०२१-२२ या वर्षासाठी शेअरमागे ५१ रुपये दिले आणि पुढच्या वर्षी ३.६० रुपये. आकडे शेजारीशेजारी ठेवले तर घबराट व्हावी. पण मधल्या काळात, २०२२ च्या जुलैत, दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा शेअर झाले होते. म्हणजे तुलना ५१ शी नाही, ५.१० शी करायची. कपात झाली ती साधारण तीस टक्के.

आता नफा पाहा. त्या दोन वर्षांत समूहाचा एकत्रित नफा सुमारे ४१,७०० कोटींवरून ८,१०० कोटींच्या आसपास आला, आणि लाभांशाची एकूण रक्कम सुमारे ६,२०० कोटींवरून ४,४०० कोटींवर. पहिल्या वर्षी नफ्यातला जेमतेम सातवा हिस्सा भागधारकांना मिळाला होता, दुसऱ्या वर्षी निम्म्याहून अधिक. रुपयांत कपात आणि प्रमाणात वाढ, दोन्ही एकाच वर्षी. कंपनीने हात आखडता घेतला असे इथे म्हणता येणार नाही.

पण कपातीचे कारण नेहमी नफ्यात सापडत नाही. लाभांश द्यायचा असतो रोख पैशातून, आणि नफा व रोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माल उधारीवर विकला तरी नफा हिशोबात दिसतो. पैसे मात्र गिऱ्हाइकाने दिल्यावरच येतात. नवे यंत्र घेतले तर पैसे आजच जातात, त्याचा खर्च नफ्यातून वर्षानुवर्षे थोडाथोडा वजा होतो. म्हणून पत्र वाचताना अहवालातले रोख प्रवाहाचे पान उघडे असावे. हे किती महत्त्वाचे आहे ते शेल या तेलकंपनीच्या उदाहरणावरून नीट कळते.

३० एप्रिल २०२० रोजी शेलने तिमाही लाभांश शेअरमागे ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीने लाभांश कधीच कापला नव्हता. पेन्शन फंड आणि निवृत्त माणसे तो व्याजासारखा धरून चालत. तेव्हाचे अध्यक्ष चॅड हॉलिडे यांनी वार्षिक पत्राची वाट न पाहता तिमाही निकालाच्या दिवशीच निवेदन काढले. त्याचा मथितार्थ असा: अनिश्चितता लांबू शकते, तेलाचे भाव पडले आहेत, मागणी कुठे जाईल सांगता येत नाही, अशा वेळी जुना लाभांश चालू ठेवणे शहाणपणाचे नाही. वर्षाच्या सुरुवातीला ब्रेंट तेल पिंपाला ६५ डॉलरच्या आसपास होते, एप्रिलअखेर वीसच्या घरात. कारण खरेच होते.

पण पुरे नव्हते. आदल्या वर्षीचे, म्हणजे करोना नव्हता त्या २०१९ चे आकडे घ्या. धंद्यातून सुमारे ४२ अब्ज डॉलर रोख आली. भांडवली खर्च व इतर गुंतवणूक भागवून २६ अब्जांच्या आसपास हातात उरले. त्यातून लाभांशापोटी १५ अब्ज गेले आणि स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यात, ज्याला बायबॅक म्हणतात त्यात, आणखी १० अब्ज. उरला साधारण एक अब्ज, आणि कर्जावरचे व्याज अजून द्यायचेच होते. तेल पिंपाला सरासरी ६४ डॉलर होते त्या वर्षी ही अवस्था. भाव तिसऱ्या हिश्शावर आला तर काय होणार, याला फार गणित लागत नाही.

मग २०१६ च्या जानेवारीत ब्रेंट तीस डॉलरच्या खाली गेले होते तेव्हा लाभांश कसा टिकला? त्या काळात शेल भागधारकांना रोखीऐवजी नवे शेअर घेण्याची मुभा देत असे. त्याने त्या तिमाहीची रोख वाचते, पण शेअरची संख्या वाढते, आणि पुढे प्रत्येक तिमाहीला त्या वाढीव शेअरवरही लाभांश द्यावा लागतो. त्यातच बीजी ग्रुप ही कंपनी विकत घेतली, तिची किंमतही काही रोखीत आणि काही नव्या शेअरमध्ये चुकवली. हे वाढलेले शेअर परत गोळा करण्यासाठीच २०१८ मध्ये २५ अब्ज डॉलरचे बायबॅक जाहीर झाले. थोडक्यात, २०१६ मध्ये टळलेली कपात फुकट टळली नव्हती. तिचे बिल २०१९ पर्यंत फिटत होते. अध्यक्षांच्या निवेदनात विषाणू आणि तेलाचा भाव ठळक होता. हा मागचा इतिहास वाचकाने स्वतःच जोडायचा होता.

कपात एवढी मोठी का, हाही प्रश्न तेव्हा विचारला गेला. वर्षाला शेअरमागे १.८८ डॉलरचे ६४ सेंट झाले आणि कंपनीचे वर्षाकाठी सुमारे दहा अब्ज डॉलर वाचले. माझ्या मते यात संचालक मंडळाचा हिशोब बरोबर होता. थोडीशी कपात करून सहा महिन्यांनी पुन्हा पत्र लिहावे लागले, तर दुसऱ्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही. दिवसभरात शेअर दहा टक्क्यांहून अधिक पडला, पण तो फटका एकदाच बसला.

या कपातीवर भागधारकांचे मत घेतले गेले नाही, कारण असा तिमाही लाभांश अंतरिम असतो आणि तो संचालक मंडळच ठरवते. आपल्याकडेही अंतरिम लाभांशाचे तसेच आहे. अंतिम लाभांशाची मात्र मंडळ फक्त शिफारस करते, मंजुरी वार्षिक सर्वसाधारण सभा देते. गंमत अशी की सभा ही शिफारस कमी करू शकते, वाढवू शकत नाही. त्यामुळे सभेत उठून ‘दोन रुपये वाढवून द्या’ म्हणणाऱ्या काकांना टाळ्या मिळतात, दोन रुपये मिळत नाहीत. त्यांनी विचारण्याजोगा प्रश्न दुसरा आहे: वाचलेला पैसा कुठे जाणार, आणि काय घडले म्हणजे लाभांश पुन्हा वाढेल?

पत्र झाकपाक करते आहे की नाही, ते याच प्रश्नाच्या उत्तरावरून ओळखू येते. ‘जागतिक परिस्थिती’ आणि ‘दीर्घकालीन मूल्य’ एवढेच शब्द असतील, रक्कम नसेल, कर्ज किती व कुठवर आणायचे ते नसेल, तर कारण अजून पोटातच आहे असे समजावे. कपात करून त्याच वर्षी बायबॅक किंवा मोठी खरेदी जाहीर झाली असेल, तर ‘रोख नाही’ हे कारण टिकत नाही. शेलने बायबॅक मार्चमध्येच थांबवले होते, त्यामुळे निदान तिथे बोलणे आणि वागणे जुळत होते.

कपातीच्या दिवशी शेलने पुढची अट आकड्यात सांगितली नव्हती. ती आली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये: निव्वळ कर्ज ६५ अब्ज डॉलरवर आले की भागधारकांना अधिक देऊ. तेव्हाच लाभांश १६.६५ सेंट केला. मधल्या किरकोळ वाढीने १७.३५ सेंटवर आलेला लाभांश २०२१ च्या जुलैत २४ सेंटवर गेला, एका फटक्यात ३८ टक्के वाढ. मथळ्यांत ३८ चा आकडा झळकला. ज्याच्याकडे २०२० पूर्वीपासून शेअर होते, त्याच्या हातात मात्र तेव्हाही जुन्या ४७ सेंटच्या जागी जेमतेम निम्मेच पडत होते.