पायच्या लाइफबोटीतला शिधा

यान मार्टेल यांच्या 'लाइफ ऑफ पाय' (2001) या कादंबरीत वाघ सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्यातला हिशोब जास्त बोलका वाटतो. पाँडिचेरीच्या प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा मुलगा पाय पटेल जहाज बुडाल्यावर लाइफबोटीत सापडतो. तिथल्या कपाटात त्याला बिस्किटांची 31 पाकिटं आणि पाण्याचे अर्धा लिटरचे 124 डबे मिळतात. तो लगेच भाग पाडतो : अन्न 93 दिवस, पाणी 124 दिवस. प्रत्यक्षात तो समुद्रावर 227 दिवस काढतो.

बिस्किटांत प्राण्याची चरबी आहे, हे वेष्टनावर वाचून जन्माचा शाकाहारी पाय थबकतो आणि तरीही खातो. खरी परीक्षा पुढेच आहे. उडत्या माशांचा थवा होडीवर आदळतो, त्यातला एक तो आमिषासाठी मारायला घेतो. त्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही म्हणून मासा ब्लँकेटात गुंडाळतो, मान मोडतो आणि ढसाढसा रडतो. त्यानंतर थोड्याच वेळात मोठा मासा गळाला लागतो. त्याला कुऱ्हाडीच्या बोथट बाजूनं मारताना पायला रडू येत नाही, उलट विजय मिळवल्यासारखं वाटतं. पुढे तो कासवाचं रक्त पितो. माणूस एका झटक्यात क्रूर होत नाही, दर वेळी सीमा थोडी पुढे सरकते, हे मार्टेल यांनी उपदेश न करता दाखवलं आहे. पण त्या पहिल्या माशासाठी पाय पुढे आयुष्यभर प्रार्थना करतो. भुकेनं त्याचा नेम बदलला, लाज संपवली नाही.

शेवटी मेक्सिकोच्या रुग्णालयात जपानी अधिकाऱ्यांना तो दुसरी हकिकत सांगतो. तिच्यात प्राणी नाहीत. होडीत पाय, त्याची आई, पाय मोडलेला खलाशी आणि जहाजावरचा स्वयंपाकी आहे. स्वयंपाकी शिध्यावर अधाशासारखा तुटून पडतो. खलाशाचा पाय तो कापायला लावतो, कारण सांगतो जीव वाचवण्याचं, पण त्याचा डोळा आमिषावर असतो. तरी हाच माणूस मासे पकडून आई-मुलालाही देतो, आणि त्याच्याकडे पाहूनच पाय ती कला शिकतो. पुढे तो पायच्या आईला मारतो, आणि पाय त्याला मारतो. स्वयंपाकी फारसा प्रतिकारही करत नाही. आपण फार पुढे गेलो हे त्याला कळलेलं असतं.

वाघाचं नाव रिचर्ड पार्कर. 1884 मध्ये 'मिन्योनेट' ही नौका बुडाल्यावर उपाशी सोबत्यांनी ज्या पोऱ्याला मारून खाल्लं, त्याचं नाव हेच होतं.

दुसरी हकिकत जेमतेम काही पानांची आहे. 2012 च्या सिनेमावर थांबलेल्यांनी निदान ती पानं मूळ पुस्तकात वाचावीत.