पट्टकादंबाचा एकेरी श्वास

उजनीच्या पाणथळीत पट्टकादंब पाहिले. हिमालय ओलांडून येणाऱ्या या हंसांना विरळ हवा पुरते कशी?

आपला श्वास ज्या वाटेने आत जातो, त्याच वाटेने परततो. अर्धा लिटर ताजी हवा फुप्फुसातल्या दोनेक लिटर जुन्या हवेत मिसळते.

पक्ष्यांत पहिल्या श्वासाची बरीचशी हवा आधी मागच्या वायुकोषांत जाते. उच्छ्वासात ती फुप्फुसातल्या बारीक नळ्यांतून पुढे सरकते. दुसऱ्या श्वासात पुढच्या कोषांत, मग बाहेर. यातल्या बहुतेक नळ्यांतून हवा कायम एकाच दिशेने वाहते, त्यामुळे प्राणवायू जास्त मिळतो.

फुप्फुस जवळजवळ फुगतच नाही, भात्याचं काम कोष करतात. ते हलतात बरगड्या आणि छातीच्या हाडामुळे. म्हणून जखमी पक्षी उचलताना छाती कधीही आवळू नका, तो गुदमरतो.