पेपर टाकताय? राजीनाम्याच्या मेलमध्ये हँडओव्हर असा लिहा

आयटीवाले अजूनही ‘पेपर टाकला’ म्हणतात, पण पेपर कुठेच नसतो. मॅनेजरला एक मेल जातो, एचआर पोर्टलवर एक बटण दाबलं जातं आणि नोटीस पिरियड सुरू होतो. हा मेल बरेच जण गुगलवरून उचलतात. त्यात आभार भरपूर असतात आणि कामाबद्दल एकच ओळ असते: ‘हँडओव्हर सुरळीत पार पाडेन.’ पुढे वाजतं ते नेमकं या ओळीवरून. शेवटच्या आठवड्यात मॅनेजर म्हणतात केटी अर्धवट आहे, तुम्ही म्हणता झाली. खरं कोण, हे ठरवायला हातात काहीच नसतं. मग रिलीव्हिंग लेटर लांबतं, आणि नवी कंपनी जॉइनिंगला बहुधा तेच मागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत तीन वर्षं काम केलेली एक बॅकएंड इंजिनिअर आहे. तिला जास्त पगाराची ऑफर आली आहे आणि सही केलेलं ऑफर लेटर हातात आहे. (फोनवर ‘सिलेक्ट झालात’ सांगितलं म्हणून पेपर टाकू नका, लेटर येऊ द्या.) नोटीस 60 दिवसांची आहे. ऑफिसात मेल बहुधा इंग्रजीत जाईल, पण मजकूर साधारण असा असेल:

विषय: राजीनामा, शेवटचा दिवस 31 जुलै 2026

आदरणीय मॅडम,

मी सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर पदाचा राजीनामा देत आहे. मला दुसरीकडे चांगली संधी मिळाली असून ती मी स्वीकारली आहे. नेमणूकपत्रातील 60 दिवसांच्या नोटिशीनुसार माझा शेवटचा दिवस शुक्रवार, 31 जुलै 2026 असेल.

माझ्याकडे सध्या तीन कामं आहेत: पेमेंट सर्व्हिस, रात्री हिशेब जुळवणारा जॉब आणि ऑन-कॉलची पाळी. ही कोणाकडे सोपवायची ते 12 जूनपर्यंत कळवावं. 10 जुलैपर्यंत मी लेखी माहिती आणि केटी पूर्ण करीन. 13 जुलैपासून ही कामं नवीन व्यक्ती करेल आणि मी सोबत असेन. हँडओव्हर पूर्ण झाल्याची नोंद 29 जुलैपर्यंत मेलवर मिळावी, ही विनंती.

पेमेंट सर्व्हिस लाइव्ह झाली त्या रात्री तुम्ही पहाटेपर्यंत कॉलवर थांबला होतात. ते मी विसरणार नाही. तीन वर्षांत खूप शिकले, मनापासून आभार.

आपली,
(नाव)

बास, एवढंच. नव्या कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही, तक्रार नाही. हा मेल तुमच्या फाइलमध्ये राहतो आणि उद्या तो कोण वाचेल सांगता येत नाही. आभारसुद्धा एकाच खऱ्या प्रसंगाचे आहेत. ‘या संस्थेने मला घडवलं’ टाइप वाक्यांपेक्षा अशी एक ओळ मॅनेजरच्या जास्त लक्षात राहते.

आता तारखा. मेल सोमवारी, 1 जूनला गेला. 2 जून हा पहिला दिवस धरला तर जूनचे 29 आणि जुलैचे 31 मिळून 60 होतात, म्हणून 31 जुलै. काही कंपन्या मेलचाच दिवस पहिला धरतात, काही ठिकाणी नोटिशीत घेतलेल्या रजेमुळे तारीख पुढे ढकलली जाते. हे नेमणूकपत्रात बघा आणि मगच तारीख लिहा. ‘लवकरात लवकर सोडावं’ असं मोघम लिहिलं की तारीख समोरचा ठरवतो. लवकर निघायचं असेल तर नोटीस बायआउटचं बोलणं वेगळं करा. उरलेल्या दिवसांचे पैसे बेसिकवर मोजणार की ग्रॉसवर, हे आधी विचारा. बेसिक 40,000 आणि ग्रॉस 80,000 असेल, तर 30 दिवसांसाठी फरक थेट 40,000 चा पडतो.

पत्रातली सगळ्यात कामाची तारीख मात्र 12 जून आहे, कारण ती मॅनेजरसाठी आहे. केटी अर्धवट राहण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती घ्यायला माणूसच उशिरा मिळतो. तो 20 जुलैला मिळाला तर दोष कोणाचा, हे मेलवरून कळतं आणि त्यासाठी एकही कडू शब्द लिहावा लागत नाही. 12 तारीख उलटली तर त्याच मेलच्या थ्रेडमध्ये साधी आठवण पाठवा.

13 जुलैनंतरच्या भागाला ऑफिसात ‘रिव्हर्स केटी’ म्हणतात. डेप्लॉयमेंट नवीन माणसाने करायचं, रात्रीचा अलर्ट त्याने उचलायचा, तुम्ही फक्त बघायचं. चार तास स्क्रीन शेअर करून जे निसटतं, ते इथे पहिल्याच दिवशी उघडं पडतं. तो ‘हा पासवर्ड कुठून येतो?’ असं विचारतो आणि उत्तर फक्त तुमच्या डोक्यात असतं.

खरा घोळ त्या गोष्टींचा, ज्या नकळत तुमच्या वैयक्तिक खात्यावर चालतात. आपल्या इंजिनिअरचा रात्रीचा जॉब कोड घेण्यासाठी तिचाच गिटहब टोकन वापरत असेल, तर 31 जुलैला तिचा ॲक्सेस काढला जाईल आणि त्याच रात्री जॉब पडेल. पोराने जाता जाता काहीतरी केलं, असा संशय मग विनाकारण येतो. म्हणून गिटहबवर Settings, मग Developer settings, मग Personal access tokens इथे जाऊन प्रत्येक टोकन कशासाठी आहे ते तपासा आणि कामाचे टोकन टीमच्या सर्व्हिस अकाउंटवर हलवा. गिटहब ॲक्शन्समध्ये अजून एक खोच आहे. ठरलेल्या वेळी चालणाऱ्या वर्कफ्लोचं वेळापत्रक शेवटचं बदलणारी व्यक्ती ऑर्गनायझेशनमधून काढली गेली, की तो वर्कफ्लो बंद पडतो. तिथे नवीन माणसाकडून वेळापत्रकाच्या ओळीत बदल करून घ्या.

लिनक्स सर्व्हरवर तुमच्या नावाने काय चालतं, ते असं दिसेल:

```
crontab -l
```

ही कमांड फक्त लॉगिन केलेल्या युजरचे जॉब दाखवते, बाकीच्यांचे नाही. आणि फोन विसरू नका. कंपनीच्या एखाद्या खात्याचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असेल तर नंबर शेवटच्या आठवड्याआधी बदलून घ्या. नाहीतर ऑगस्टमध्ये तुम्ही नव्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये असाल आणि जुने सहकारी ओटीपी मागायला फोन करतील.

‘नंतरही कधीही मदत करेन’ असं पत्रात लिहू नका. दोस्तीत फोन उचलणं वेगळं. लेखी आश्वासन दिलं की हँडओव्हरला शेवटच उरत नाही, शिवाय बाहेरच्या माणसाने जुन्या सिस्टिमला हात लावणं दोघांनाही अडचणीचं. कोड किंवा डॉक्युमेंट स्वतःच्या ड्राइव्हवर तर मुळीच घेऊ नका. अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपवर अशा कॉपीची नोंद होते, आणि नोटिशीतल्या माणसावर लक्ष जरा जास्तच असतं.

राजीनाम्याच्या मेलमध्ये सीसीला एचआर ठेवा, आणि पॉलिसीत बसत असेल तर स्वतःचा वैयक्तिक पत्ताही, बीसीसीत लपवून नाही तर उघडपणे. शेवटच्या दिवशी ऑफिसचा मेल बंद होतो आणि राजीनामा स्वीकारल्याचं उत्तरही त्यातच अडकतं. पाठवण्याआधी मॅनेजरला पाच मिनिटं भेटून तोंडी सांगा. बातमी आधी पोर्टलच्या नोटिफिकेशनवरून कळली तर एवढं नम्र पत्रही त्यांना खटकतं.