गुरुजींच्या रिटर्नची फी का वाढली?

समजा, परभणीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत एक गुरुजी आहेत. पगार, बँकेचं व्याज आणि चार एकरांतला कापूस-सोयाबीन एवढंच त्यांचं उत्पन्न. सीए दरवर्षी ठरावीक फी घेतात. यंदा त्यांनी आकडा कितीतरी पट सांगितला, कारण गुरुजींनी गावाकडची जमीन विकली आहे. गुरुजींना वाटतं, रिटर्न तर एकच भरायचंय!

फी फॉर्मवर नाही, फॉर्मच्या आधी करायच्या कामावर ठरते. शेतीचं उत्पन्न पाच हजारांवर गेलं की 'सहज' अर्थात आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. तरीही हिशेब सोपाच राहतो. जमीन विकली की खरी मेहनत सुरू होते. २०११च्या जनगणनेनुसार परभणी शहराची लोकसंख्या तीन लाखांवर आहे, म्हणून महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतली शेतजमीन भांडवली मालमत्ता ठरते आणि तिच्या नफ्यावर कर लागतो. त्यापलीकडची, आणि दुसऱ्या कुठल्या शहराच्या ठरलेल्या अंतरातही न येणारी जमीन त्यातून सुटते. सीएला आधी हे अंतर पुराव्यासह ठरवावं लागतं. जमीन वडिलोपार्जित असेल तर १ एप्रिल २००१ची किंमत काढायची. त्यासाठी मूल्यांककाचा अहवाल लागला तर त्याची फी वेगळी. मग साडेबारा टक्के आणि महागाई निर्देशांकासह वीस टक्के असे दोन्ही हिशेब करून कमी कर कुठे बसतो ते पाहायचं. अशा वर्षी जास्त पैसे मागणं रास्तच आहे.

फक्त आकडा ऐकून होकार देऊ नका, त्यात काय काय येतं ते कागदावर घ्या. उत्पन्नाचा हिशेबतक्ता, रिटर्नचं ई-व्हेरिफिकेशन आणि खात्याची १४३(१)ची सूचना आल्यावर ती जुळवून पाहणं हे ठरलेल्या फीतच असावं. कागद तुम्ही उशिरा दिल्यामुळे सुधारित रिटर्न भरावं लागलं, तर त्याचे पैसे वेगळे पडणं योग्य. चूक सीएच्या कार्यालयाची असेल तर नाही. छाननीची नोटीस मात्र मुळात वेगळं काम. तिथे किती वेळ जाईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून तासावर किंवा टप्प्यावर फी मागितली तर हरकत नाही, पण कमाल रक्कम आधीच ठरवून घ्या. सीएची जीएसटी नोंदणी असेल तर फीवर अठरा टक्के वाढतात, तेव्हा सांगितलेला आकडा जीएसटीसह आहे का, हेही विचारा.

एक मागणी मात्र ऐकताच उठावं: "जेवढा रिफंड आणून देतो, त्याचे इतके टक्के." रिफंडच्या टक्क्यावर फी घेणं हे सीएंच्या आचारसंहितेत बसत नाही. शिवाय रिफंड फुगवायला खोट्या वजावटी दाखवल्या गेल्या, तर दंड सही करणाऱ्या गुरुजींनाच बसतो. चुकीचं उत्पन्न दाखवल्याबद्दल तो बुडवलेल्या कराच्या दुप्पट असू शकतो.