धोरण बदलाचा व्हिडिओ : आधी आकडा, मग धीर

कंपनीच्या धोरणात मोठा बदल होतो तेव्हा तो कळवण्यासाठी आता अनेक ठिकाणी परिपत्रकाबरोबर तीन-चार मिनिटांचा अंतर्गत व्हिडिओ काढला जातो. त्यात कंपनीतील एखादी जबाबदार व्यक्ती कॅमेऱ्यासमोर बदल सांगते, आणि मध्येमध्ये किंवा शेवटी कर्मचाऱ्यांच्या मनातले प्रश्न आणि त्यांची उत्तरे पडद्यावर कार्डांच्या रूपात दाखवली जातात. परिपत्रकात नेमका मजकूर असतो, पण ते सांगणारा माणूस दिसत नाही. व्हिडिओत तो दिसतो. म्हणूनच कर्मचाऱ्याच्या खिशाला किंवा दिनक्रमाला हात घालणाऱ्या बदलासाठी हे माध्यम निवडले जाते, आणि अशा वेळी सांगणाऱ्याचा सूर चुकला तर तोही सर्वांना दिसतो.

दोन्ही टोकांची उदाहरणे अलीकडच्या काळात घडली आहेत. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे जगभरची हॉटेले रिकामी झाली, तेव्हा मॅरियट कंपनीचे प्रमुख आर्न सोरेन्सन यांनी कर्मचाऱ्यांसाठी सुमारे सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील उपचारांमुळे त्यांचे केस गेले होते. त्याचा उल्लेख करून त्यांनी लगेच व्यवसाय किती कोसळला आहे ते आकड्यांत सांगितले, कामाचे तास कमी होणार आणि अनेकांना तात्पुरते घरी बसावे लागणार हेही सांगितले. आपण स्वतः आणि अध्यक्ष बिल मॅरियट उरलेल्या वर्षाचे वेतन घेणार नाही, वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन निम्मे होईल, हे त्याच व्हिडिओत होते. उलट, जानेवारी २०२४ मध्ये इंटरनेट ब्रँड्स या अमेरिकी कंपनीने कार्यालयात परत येण्याबद्दल केलेल्या व्हिडिओत, ही विनंती नाही आणि वाटाघाटही नाही, केवळ माहिती आहे, असे प्रमुखांनी ऐकवले आणि शेवटी कर्मचारी संगीतावर नाचताना दाखवले. तो व्हिडिओ बाहेर पसरला आणि त्यावर सडकून टीका झाली. धोरण कडक होते म्हणून हे झाले असे नाही. मॅरियटचा निर्णय कितीतरी जास्त कठोर होता. सोरेन्सन यांनी नुकसान आधी सांगितले आणि त्यातला स्वतःचा वाटाही सांगितला, हा खरा फरक आहे.

भारतात सध्या असा व्हिडिओ करण्याचे सर्वांत ठळक निमित्त वेतनरचनेतील बदलाचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील वेतनाच्या व्याख्येनुसार, घरभाडे आणि प्रवास यांसारख्या वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. बेसिक कमी आणि भत्ते जास्त अशी पगाराची मांडणी वर्षानुवर्षे करणाऱ्या कंपन्यांना त्यामुळे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब नव्याने करावा लागतो.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात एका कर्मचाऱ्याचा एकूण पगार महिना ६०,००० रुपये आहे. त्यात बेसिक २०,००० आणि बाकीचे भत्ते. कंपनी प्रत्यक्ष बेसिकवर पीएफ कापते, म्हणजे १२ टक्क्यांनी २,४०० रुपये. नव्या व्याख्येत वेतन किमान ३०,००० धरले आणि पीएफ त्यावर कापला तर कपात ३,६०० होते. हातात येणारा पगार १,२०० रुपयांनी घटतो. कंपनीचा हिस्साही तितकाच वाढतो, आणि तो कंपनीने वरून भरायचे ठरवले नाही, ठरलेल्या पॅकेजमधूनच काढला, तर घट २,४०० रुपयांची होते. दुसऱ्या बाजूला ग्रॅच्युइटी वाढते. शेवटच्या वेतनाचे १५ दिवस, २६ दिवसांचा महिना आणि सेवेची वर्षे या सूत्राने १० वर्षांच्या सेवेला २०,००० वर सुमारे १ लाख १५ हजार रुपये मिळतात, ३०,००० वर सुमारे १ लाख ७३ हजार.

अशा वेळी संहिता लिहिणाऱ्याचा हात आपोआप ग्रॅच्युइटीकडे वळतो, कारण ती चांगली बातमी आहे. ‘तुमचे भविष्य अधिक सुरक्षित’ अशी सुरुवात होते, मागे मंद संगीत असते, आणि १,२०० रुपयांची घट तिसऱ्या मिनिटाला एका वाक्यात उरकली जाते. हीच सर्वांत महाग पडणारी चूक आहे. ज्याचा घराचा हप्ता, मुलांची फी आणि गावी पाठवायचे पैसे पगारावर बेतलेले आहेत, तो पहिल्या वाक्यापासून एकाच आकड्याची वाट पाहत असतो. तो आकडा मिळेपर्यंत त्याला दुसरे काही ऐकू येत नाही, आणि उशिरा मिळाला तर आधीचे सगळे बोलणे त्याला पांघरूण वाटते. त्यामुळे पहिल्या वीस-पंचवीस सेकंदांतच असे काही यायला हवे : ‘पुढच्या महिन्यापासून तुमच्यापैकी काहींच्या हातात येणारा पगार कमी होणार आहे. कोणाचा, किती आणि का, ते आता सांगतो.’

सहानुभूतीचा सूर विशेषणांनी येत नाही. ‘आम्हाला तुमच्या भावनांची पूर्ण जाणीव आहे’ या वाक्यानंतर बहुधा ‘तथापि’ येतो, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते. त्यापेक्षा अडचण नाव घेऊन सांगावी : ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांना पहिले दोन-तीन महिने ओढाताण होईल. मग कंपनी त्यासाठी काय करणार आहे ते सांगावे, आणि काही करणार नसेल तर तसे सांगावे. कायद्याने सक्तीचे काय आणि कंपनीने स्वतः ठरवलेले काय, या दोन गोष्टीही वेगळ्या ठेवाव्या लागतात. वेतनाची व्याख्या कायद्याची आहे. पण कंपनीचा वाढीव हिस्सा पॅकेजमधून कापणे हा कंपनीचा निर्णय आहे. तो सरकारच्या नावावर खपवला तर सुट्टीच्या वेळात कोणीतरी हिशेब मांडतोच. बोलणारी व्यक्तीही त्यामुळे महत्त्वाची ठरते. एचआरच्या प्रतिनिधीपेक्षा ज्याच्या सहीने निर्णय झाला त्याने बोलावे, शक्यतो टेलिप्रॉम्प्टरवरून वाचून नव्हे. आकडे कार्डावर असतील तर ते पाठ करण्याचे ओझे त्याच्यावर राहत नाही. मराठीत सावकाश बोलताना मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे चार मिनिटांच्या व्हिडिओत बोलण्याला साडेतीनशे शब्दांहून जास्त जागा नसते, कारण कार्डांना वेळ द्यायचा असतो.

प्रश्नोत्तरांच्या कार्डांचे खरे काम चित्रीकरणाच्या आधी सुरू होते. प्रश्न कार्यालयात बसून रचले तर ते ‘नवीन वेतनरचनेचे फायदे कोणते?’ असे होतात. असा प्रश्न कोणी कधी विचारत नाही. वेगवेगळ्या शिफ्टमधल्या आठ-दहा जणांना आणि दोन-तीन सुपरवायझरना विश्वासात घेऊन त्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले तर ते असे येतात : ‘माझ्या हातात किती कमी येणार?’, ‘कंपनीचा पीएफ माझ्याच पगारातून जाणार का?’, ‘मी नको म्हटले तर?’ कार्डावर प्रश्न याच भाषेत, ‘माझा’, ‘मला’ असा असावा. उत्तराचा पहिला शब्द शक्यतो ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा असावा. सगळ्यात अवघड प्रश्न पहिल्या कार्डावर घ्यावा, कारण तो टाळला आहे का हेच प्रेक्षक आधी पाहतात.

या उदाहरणात सर्वांत उपयोगी कार्ड कर्मचाऱ्याला स्वतःचा गट ओळखायला लावणारे आहे. पीएफची कायदेशीर वेतनमर्यादा १५,००० रुपये आहे. ज्यांचा पीएफ या मर्यादेवरच कापला जातो त्यांची कपात १,८०० रुपये असते आणि कंपनीने तीच पद्धत चालू ठेवली तर त्यांच्या हातातल्या पगारात फरक पडत नाही. ज्यांचे बेसिक आधीच निम्मे किंवा जास्त आहे त्यांनाही फरक नाही. म्हणून कार्डावर पगाराच्या स्लिपचे चित्र दाखवावे, पीएफची ओळ रंगवावी आणि खाली लिहावे : ‘इथे १,८०० असेल तर तुमच्या हातात येणारा पगार तोच राहील.’ हे एक कार्ड निम्म्या लोकांची काळजी तिथल्या तिथे मिटवू शकते. उरलेल्यांसाठी पुढच्या कार्डावर ६०,००० रुपयांचा हिशेब जुना आणि नवा असा शेजारी-शेजारी मांडावा. आकडे खोटे गोंडस नसावेत, कंपनीतील खऱ्या पगारगटांजवळचे असावेत.

कार्डाची आखणीही जपून करावी लागते. बहुतेक जण हा व्हिडिओ कँटीनमध्ये किंवा बसमध्ये, फोनवर, अनेकदा आवाज बंद ठेवून पाहतात. १९२० बाय १०८० च्या चौकटीत उत्तराचे अक्षर ५० पिक्सेलांहून लहान केले की फोनवर ते वाचवत नाही. एका कार्डावर एकच प्रश्न आणि फार तर तीन ओळी. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावे लागते. कार्ड पडद्यावर किती वेळ ठेवायचे याची सोपी कसोटी म्हणजे मजकूर सावकाश दोनदा मोठ्याने वाचून पाहणे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरे फुटणे ही नेहमीची अडचण आहे. प्रीमिअर प्रोमध्ये अक्षरांच्या इंजिनाची सेटिंग `South Asian and Middle Eastern` नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे सुटतात. ‘भविष्य निर्वाह निधी’ हे शब्द त्यासाठी चांगली चाचणी आहेत, कारण त्यांत तीन पहिल्या वेलांट्या, एक रफार आणि एक जोडाक्षर आहे. ही तपासणी एडिटिंगच्या खिडकीत न करता अंतिम फाइल फोनवर लावून करावी. आकड्यांची कार्डे वेगळ्या थरात ठेवावीत, म्हणजे नियम बदलला तर माणूस पुन्हा उभा न करता कार्ड बदलता येते. प्रत्येक आवृत्तीवर तारीख असावी.

व्हिडिओ दाखवण्याचा क्रमही त्याच्या संहितेइतकाच ठरवून करावा लागतो. सुपरवायझरना तो एक दिवस आधी दाखवला नाही तर पहिला प्रश्न त्यांच्याकडेच येतो आणि ते ‘मलाही आत्ताच कळले’ असे सांगतात. ज्यांचा पगार घटणार आहे त्यांना तो सर्वांबरोबर मोठ्या सभेत दाखवू नये. लहान गटात, प्रश्नांना वेळ ठेवून दाखवावा. युनियन असेल तिथे तिच्याशी बोलणे व्हिडिओच्या आधी व्हायला हवे.

व्हिडिओ म्हणजे कायदेशीर सूचना नव्हे, ही त्याची ठळक मर्यादा आहे. कामगारांच्या वेतन, भत्ते किंवा पीएफच्या अंशदानासारख्या सेवाशर्ती बदलण्याआधी औद्योगिक संबंध संहितेत २१ दिवसांच्या सूचनेची तरतूद आहे, आणि तिला असलेले अपवाद कायद्याने ठरवलेले आहेत. ती सूचना लेखीच द्यावी लागते. व्हिडिओत सांगितलेले आणि लेखी सूचनेतले शब्द जुळले नाहीत तर वादात कागदच ग्राह्य धरला जातो आणि व्हिडिओ कंपनीविरुद्धचा पुरावा बनू शकतो. म्हणून अंतिम संहिता विधी विभागाने तपासावी. मात्र त्यांनी सुचवलेली ‘परिस्थितीनुसार’, ‘लागू असल्यास’ अशी शब्दांची झालर कार्डावर आली की उत्तर पुन्हा धूसर होते. त्या अटी लेखी सूचनेत ठेवून कार्डावर तिचा संदर्भ देणे बरे.

व्हिडिओ नीट पोचला की नाही हे किती जणांनी पाहिला यावरून कळत नाही. पुढच्या आठवड्यात एचआरच्या खिडकीवर कोणते प्रश्न येतात ते पाहावे. कार्डावर उत्तर असलेलाच प्रश्न पुन्हापुन्हा येत असेल तर कार्ड चुकले आहे. ‘माझ्या बाबतीत नेमके किती?’ असे विचारले जात असेल तर धोरण समजले आहे आणि आता वैयक्तिक हिशेब द्यायचा आहे. पहिली नवी स्लिप हातात पडल्यावर तिच्यावरची पीएफची रक्कम कार्डावरच्या हिशेबाशी जुळायला हवी. जुळली नाही तर त्याच दिवशी दुरुस्त कार्ड आणि कारण, दोन्ही द्यावे लागतात.