सारांशाचं काय झालं, हे विचारायचं कसं?

परिषदेला पाठवलेल्या सारांशाचा निर्णय ठरलेल्या तारखेला आला नाही, की बहुतेक जण घाईघाईने एक ओळ लिहून मोकळे होतात: “सर, माझ्या ॲबस्ट्रॅक्टचं काय झालं? काइंडली डू द नीडफुल.” संयोजकांच्या मेलपेटीत असे शेकडो निरोप पडलेले असतात. कोणता सारांश, कोणाच्या नावावर, नेमकं हवंय काय, हे शोधण्यातच त्यांचा वेळ जातो. म्हणून असा मेल मागे पडतो.

कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं उदाहरण घेऊ. जर्मनीतल्या एका परिषदेत त्यांना ऑनलाइन सादरीकरण करायचं आहे आणि निर्णयाची तारीख आहे १५ मे. १६ तारखेच्या सकाळी विचारणं मात्र घाईचं ठरेल. अनेक आंतरराष्ट्रीय परिषदा तारखेपुढे ‘AoE’ लिहितात. म्हणजे पृथ्वीवर कुठेही १५ तारीख शिल्लक आहे तोवर मुदत संपत नाही. भारतीय वेळेनुसार ती १६ मेच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. त्यानंतरही परीक्षकांचे अभिप्राय रखडतात, म्हणून कामाचे दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत.

तेवढ्या वेळात तीन गोष्टी तपासाव्यात. मेलचा स्पॅम विभाग पाहावा. सारांश जिथे दाखल केला त्या प्रणालीत शिरून स्थिती पाहावी. मायक्रोसॉफ्टच्या ‘CMT’मध्ये निर्णय बाकी असेल तर ‘Awaiting Decision’ असं दिसतं. आणि सहलेखकांना विचारावं, कारण निर्णयाचा मेल पुष्कळदा फक्त पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाकडे जातो.

एवढं करूनही काही कळलं नाही, तर २० मेला असं लिहिता येईल. विषयाच्या ओळीत ‘सारांश क्र. १८४: निर्णयाबाबत चौकशी’ आणि खाली:

“आदरणीय कार्यक्रम समिती,
सारांश क्र. १८४ (शीर्षक खाली दिले आहे) मी २८ फेब्रुवारीला दाखल केला. निर्णय १५ मेपर्यंत कळवला जाईल, असे संकेतस्थळावर नमूद आहे. मला अथवा सहलेखकांना मेल आलेला नाही, स्पॅमही पाहिले. प्रणालीत ‘Awaiting Decision’ दिसते. निर्णय अजून व्हायचा आहे की मेल आमच्यापर्यंत पोहोचला नाही, एवढे कृपया कळवावे. नोंदणी शुल्काची मंजुरी महाविद्यालयाकडून ३० मेपर्यंत घ्यायची असल्याने विचारत आहे.”

मेल इंग्रजीत जाईल, पण मांडणी हीच राहील. यातला प्रश्न नीट पाहा. “स्वीकारला की नाही?” असं विचारलेलं नाही, कारण निर्णय झालाच नसेल तर संयोजक त्यावर काही बोलू शकत नाहीत. “व्हायचा आहे की पोहोचला नाही?” याचं उत्तर मात्र ते एका ओळीत देऊ शकतात. ३० मेचं कारणही घाई समजावून सांगतं. त्यात तक्रारीचा सूर नाही.

पुढे सारांश स्वीकारला जातो आणि मंगळवार, १४ जुलैची सकाळी साडेदहाची वेळ मिळते. जर्मनीत तेव्हा उन्हाळी वेळ चालू असल्याने भारतात दुपारचे दोन वाजलेले असतील. मग सुधारित वेळापत्रक येतं आणि त्यात दुपारी चार, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, असं छापलेलं दिसतं. आता काय लिहायचं, हे आधी स्वतःशी ठरवावं. नवी वेळ खरी आहे का, ही शंका असते. वेळ बदलून हवी, ही विनंती असते. दोन्ही एकाच वाक्यात मिसळल्या की उत्तर अर्धवट येतं.

शंका असेल तर दोन्ही वेळापत्रकांच्या तारखा द्याव्यात, दोन्ही वेळा जर्मन आणि भारतीय अशा शेजारी-शेजारी लिहाव्यात आणि “यांपैकी कोणती ग्राह्य धरावी?” असं विचारावं. विनंती असेल तर अडचण एका वाक्यात सांगून पर्याय द्यावेत: “त्या दिवशी दुपारी दोनपर्यंतची (जर्मन वेळ) कोणतीही वेळ चालेल, शक्य नसल्यास माझे सहलेखक चार वाजता सादर करतील.” “न विचारता वेळ कशी बदलली?” हा प्रश्न मनातच ठेवावा. दुसऱ्या वक्त्याशी परस्पर अदलाबदलही करू नये; सत्राध्यक्ष त्यांच्या हातातल्या यादीप्रमाणेच नावं पुकारतात.

आठवडाभर उत्तर आलं नाही, तर नवा मेल न लिहिता त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण द्यावी. परिषद तोंडावर आली असेल, तर जाहीर केलेल्या संपर्क क्रमांकावर फोन करायला हरकत नाही. ओळखीच्या परीक्षकाला व्हॉट्सॲपवर गाठणं मात्र टाळावं. निर्णय सांगण्याचा अधिकार त्याला नसतो आणि तो उगाच अडचणीत येतो. मेल पाठवण्यापूर्वी एकच पाहा: समोरच्याला दुसरं काही न उघडता याचं उत्तर देता येईल का? येत नसेल, तर क्रमांक, तारीख किंवा नेमका प्रश्न, यांपैकी काहीतरी लिहायचं राहिलं आहे.